ताप गेल्यानंतरचा चेहरा

तोतारामला माणसाचं नाव नंतर कळायचं, चट्टा आधी दिसायचा. कुष्ठरोग पथकात त्याची बावीस वर्षं गेली होती. पारोळ्याच्या बाजारात भाजी घेताना, भुसावळच्या फलाटावर चहा पिताना, एवढंच काय, सख्ख्या भाच्याच्या हळदीतसुद्धा तो लोकांचे कान आणि भुवया बघत बसायचा. बायको मंजुळाबाई त्याला म्हणायची, "तुम्हनी नजर कोनावर पडनी, त्याले रोग व्हवाशिवाय ऱ्हावाव नही." तो हसायचा. पथकातले लोकही थट्टेने म्हणायचे की तोतारामभाऊ सायकलवरून न उतरता निदान करतो. ही थट्टा त्याला आवडायची. त्याने ती कधी नाकारली नाही, आणि पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथूनच झाली असं त्याचं त्याला वाटत राहिलं.

एकोणीसशे नव्वदच्या जानेवारीत तो भुसावळजवळच्या औष्णिक वीजकेंद्राच्या मजूर वस्तीत सर्वेक्षणाला गेला. वस्ती म्हणजे पत्र्याच्या झोपड्यांच्या चार ओळी. कंत्राटावर आलेले लोक बहुतेक बिहारचे. एका झोपडीपुढे एक बाई तांदूळ निवडत बसली होती. विशी-बाविशीची असेल. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण तोतारामने तेवढ्यात बघायचं ते बघितलं होतं. दोन्ही गालांवर, नाकाच्या बाजूंना आणि हनुवटीवर फिके डाग, कातडीचा रंग कुणी बोटाने पुसून काढावा तसे. हनुवटीवर दोन-तीन बारीक दाणेही होते.

तिचं नाव सोनमती. नवरा बिसुनदेव, कोळसा उतरवणाऱ्या टोळीत कामाला होता. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

तोतारामने तिला डोळे मिटायला सांगितलं. "जहाँ टोचेगा, वहाँ उँगली रखना," असं आपल्या खानदेशी हिंदीत समजावलं आणि बॉलपेनचं टोक एकेका डागावर टेकवलं. सोनमतीने प्रत्येक वेळी बोट बरोबर त्याच जागी ठेवलं. एकदाही चुकली नाही. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण तोताराम शाळकरी पोर नव्हता. चेहऱ्याला नसांचं जाळं दाट असतं, तिथल्या चट्ट्यात बधिरपणा कधी कधी येतच नाही, हे त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि ते खरंही होतं. त्याने कोपराजवळची नस चाचपली. ती जाड नव्हती. लागेल पुढे, असं त्याने मनाशी म्हटलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तशातली गत.

कानाच्या पाळीतून आणि हनुवटीवरून ब्लेडने किंचित खरवडून घेतलेलं द्रव्य त्याने काचपट्टीवर पसरलं आणि पथकाच्या प्रयोगशाळेत बन्सीलालला दिलं. बन्सीलालने ते नेहमीच्या लाल रंगात रंगवून बघितलं. "भाऊ, कायच नही शे," तो म्हणाला. "एक बी जंतू नही."

"नसू दे," तोताराम म्हणाला. "काचपट्टी कोरी निघालेले कितीतरी रोगी मी बघितलेत. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

डॉक्टरांनी त्या दिवशी साठ कार्डांवर सह्या केल्या, त्यांत सोनमतीचं एक होतं. डाग दोन्ही बाजूंना सारखे, म्हणून मोठ्या प्रकारचा रोग, म्हणून दोन वर्षांची तीन औषधं. मार्चअखेरच्या उद्दिष्टात एक आकडा वाढला.

त्यानंतर दर महिन्याला तोताराम सायकलवरून वस्तीत जायचा आणि समोर उभं राहून सोनमतीला गोळ्या गिळायला लावायचा. गोळ्यांमधल्या एका औषधाने कातडी काळपट तांबूस होते. सोनमतीचा चेहरा काळवंडला आणि फिके डाग आणखीनच उठून दिसायला लागले. "औषध लागू पडतंय," असं तोताराम तिला सांगायचा. सहा महिन्यांनी हनुवटीवरचे दाणे मसुराएवढे झाले, ओठाखाली आणि नाकपुडीजवळ नवे आले. तेव्हा तो म्हणाला, "ही औषधाची उलट आहे, घाबरायचं नाही." त्याचा आवाज इतका खात्रीचा असायचा की त्यालाही तो ऐकून बरं वाटायचं.

बाकी सोनमती ठणठणीत होती. भूक लागायची, दोन दोन घागरी पाणी आणायची, अंगात कसर नव्हती. पण तोताराम सायकलवरून कुणाकडे येतो हे सगळ्या वस्तीला कळलं होतं. आधी तिला नळावरून उठवलं. मग शेजारणीने मधली ताटी बंद केली. मग बिसुनदेवच्या टोळीतले लोक त्याच्या हातची विडी-काडी घेईनासे झाले. तोतारामने वस्तीतल्या मुकादमाला दोनदा समजावून बघितलं. नव्वदच्या दिवाळीनंतर तो गेला तेव्हा झोपडीत बिसुनदेव एकटा होता.

"मायके छोड़ आया साहब," तो खाली बघत म्हणाला. "ठीक हो जाएगी तो ले आऊँगा."

कार्डावर 'स्थलांतरित' असा शेरा मारून तोतारामने ते कपाटात ठेवलं. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण अशी कार्डं त्या कपाटात पुष्कळ होती.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये पथकाला डॉक्टर भंगाळे मिळाले. मूळचे सावद्याकडचे, केळीवाल्यांच्या घरातले, शिक्षणानंतर दोन वर्षं बिहारमधल्या एका मिशनच्या दवाखान्यात काढून आलेले. वय तिशीच्या आतलं. तोतारामला ते पहिल्या दिवसापासून 'तोतारामभाऊ' म्हणायचे, आणि सही करण्याआधी रोग्याला बोलवा म्हणायचे, त्यामुळे सगळी कामं रखडायची.

सप्टेंबरात एका सकाळी बिसुनदेव आपण होऊन पथकाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडाला गमछा बांधलेला होता. तो सोडला तेव्हा तोतारामच्या तोंडून नकळत 'अरेरे' निघालं. गालांवर तेच फिके डाग, हनुवटीवर तेच दाणे.

"मुझको भी लग गया साहब," बिसुनदेव म्हणाला. "उसको घर से निकाला, उसी का पाप है."

तोतारामला त्याची दया आली, आणि लपवण्यात अर्थ नाही, मनातून थोडं समाधानही वाटलं. आपलं निदान खरंच होतं, बायकोचं नवऱ्याला लागलं. त्याने बिसुनदेवला आत नेलं आणि डॉक्टरांना सगळी हकिकत सांगितली.

भंगाळ्यांनी बिसुनदेवचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. मग त्यांनी जे विचारलं ते कार्डावरच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"घर कौन ज़िला?"

"वैशाली, साहब."

"काळाजार हुआ था?"

"हुआ था. सतासी में. हमको भी, घरवाली को भी. पेट इतना फूल गया था. महीना भर सुई लगी, तब ठीक हुआ."

तोताराम दाराजवळ उभा होता. हे शब्द त्याने आधी ऐकले होते. पहिल्याच दिवशी, बॉलपेन खिशात ठेवताना, सोनमतीने आपण होऊन सांगितलं होतं, "काला-ज्वर हुआ था साहब, उसके बाद निकला है." त्याने नीट ऐकलं होतं. पण खानदेशात हिवताप होतो, विषमज्वर होतो, काळा ताप कुणी बघितलाय? आणि आपण ताप तपासायला आलेलो नाही, असं वाटून त्याने सायकलला पाय लावला होता.

डॉक्टरांनी हनुवटीवरच्या एका दाण्यातून द्रव्य घेतलं. बन्सीलाल नेहमीच्या लाल रंगाची बाटली काढायला लागला तेव्हा ते म्हणाले, "ती नको. हिवतापाच्या रक्ताला वापरता तो रंग घ्या."

तासाभराने त्यांनी तोतारामला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. मोठ्या मोठ्या पेशींच्या पोटात गोल गोल बारीक दाणे भरलेले होते, आणि प्रत्येक दाण्यात दोन खुणा, एक जांभळट ठिपका आणि त्याला लागून एक छोटीशी काडी. बन्सीलाल पाठीमागून म्हणाला, "भाऊ, तिना काचपट्टीवर बी हाईच व्हतं का?"

"असणार," भंगाळे म्हणाले. "पण तुमच्या लाल रंगात हे दिसतच नाही. आपण शोधत होतो एक, बसलं होतं दुसरंच."

मग त्यांनी तोतारामला समोर बसवून सांगितलं. काळाजार सुयांनी बरा होतो, ताप जातो, पोट उतरतं, माणूस कामाला लागतो. पण हत्ती गेला नि शेपूट राहिलं असं काही जणांच्या बाबतीत होतं. थोडे परजीवी कातडीत दडून राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी, कधी आणखी उशिराने, चेहऱ्यावर असे डाग नि गाठी येतात. नवराबायकोने एकमेकांना दिलं नव्हतं. दोघांना एकाच साथीत ताप आला होता, याचे डाग उशिरा आले एवढंच. दुखत नाही, खाजत नाही, ताप नाही, म्हणून माणूस दवाखान्यात येत नाही. आला तर कोड म्हणतात, नाहीतर कुष्ठरोग. जिथे काळाजार होत नाही तिथे तर जुन्या तापाचं कुणी विचारतही नाही.

"म्हणजे तिला कुष्ठरोग नव्हताच," तोताराम म्हणाला.

"नव्हता."

"मग ती परत येऊ शकते."

"आलीच पाहिजे. पण भाऊ, एक गोष्ट आहे." भंगाळ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा रोग शिवल्याने लागत नाही. पण त्या गाठी परजीवींनी भरलेल्या असतात. तिकडे वाळूमाशी असते, डासाहूनही लहान. ती गोठ्यात, शेणामातीच्या भेगांत राहते. ती अशा चेहऱ्याला चावली आणि मग दुसऱ्याला चावली, की त्या दुसऱ्याला काळाजार होतो. ताप, पोट, सगळं. आपल्याकडे ही साथ नाही, इथे फारसं बिघडलं नसतं. तिकडे ती कुठे राहते?"

बिसुनदेव बाकावर बसून ऐकत होता. मराठी त्याला निम्मं कळत होतं. "गोहाल में," तो म्हणाला. "भाई ने घर में नहीं रखा. गाय के साथ सोती है."

भंगाळ्यांनी तिथल्या तिथे दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक तिकडच्या ओळखीच्या डॉक्टरांना, सुयांची सोय करण्यासाठी. त्या वर्षी तिकडे साथ भडकली होती आणि औषधाची टंचाई होती. दुसरी सोनमतीच्या भावाला, हा महारोग नाही म्हणून. दुसऱ्याच दिवशी बिसुनदेव गाडीत बसला. तोताराम त्याला पोचवायला फलाटावर गेला. गाडी हलल्यावरही तो हात वर करून उभाच राहिला, आणि हात का वर आहे हे त्याला थोड्या वेळाने कळेना.

मग पुढचे चोवीस दिवस तोतारामला ती हनुवटी सोडेना. बाजारात पदर घेतलेली कुठलीही बाई पाठमोरी चालली की तो पुढे जाऊन तिचं तोंड बघून यायचा. एकदा एका बाईने त्याला चारचौघांत सुनावलं. दाढी करताना आरशात त्याला स्वतःच्या हनुवटीवर दाणे दिसायचे, तो बोट फिरवायचा, काही नसायचं, पण वस्तरा हातातून खाली ठेवावा लागायचा. भर दुपारी कार्यालयात बसल्या बसल्या त्याला वाटायचं की दाराशी कोणी तांदूळ निवडतंय. सुपावर दाणे सरकल्याचा आवाज यायचा. तो उठून बघायचा, तर बाहेर नुसतं ऊन पसरलेलं.

"तुम्हनं ध्यान कोठे शे?" मंजुळाबाई ताटापाशी बसून विचारायची. "भाकर बठ्ठी थंडी व्हयी गई."

"एक बाई येवाव शे," तो म्हणायचा.

"कोन बाई?"

तो सांगायचा नाही. तिने मग शेजारणीकडून लिंबू-मिरची आणून दारात बांधली. नवऱ्याला काहीतरी लागलंय एवढं तिने बरोबर ओळखलं होतं.

कार्यालयात त्याने कपाट उघडून बावीस वर्षांची कार्डं काढली. संवेदना शाबूत, काचपट्टी कोरी, गाव पूर्वेकडचं, अशी कार्डं तो वेगळी काढत गेला. सोनमतीखेरीज दोन निघाली. एक रेल्वेतला खलाशी, नोकरी सोडून गेलेला. एक म्हातारी, पत्ता नाही. दोघांच्याही कार्डावर त्याचीच अक्षरं होती, सुंदर, गोल, ठळक. ती दोन कार्डं त्याने भंगाळ्यांपुढे ठेवली. ते म्हणाले, "भाऊ, या दोघांना खरंच कुष्ठरोग असेलही. आता कळायला मार्ग नाही." तोतारामला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या मधोमध बिसुनदेव सोनमतीला घेऊन परत आला. तोताराम फलाटावर गेला नव्हता, त्याची छाती झाली नाही. ती दोघं सरळ पथकात आली. सोनमतीने पदर पुढे ओढला नव्हता. गाठी आता नाकापासून हनुवटीपर्यंत दाटल्या होत्या, एका कानाची पाळी जाड झाली होती. पण चाल तीच होती, ताठ. तिकडे सुया मिळाल्या नाहीत. भंगाळ्यांनी दुसरीकडून जमवाजमव करून ठेवलीच होती. रोज एक सुई, चार महिने, आणि मधूनमधून हृदयाचा आलेख. नवराबायकोची सोबतच सुरुवात करायची होती.

सोनमतीने पहिली सुई घेतली. बिसुनदेव आत आलेख काढायला गेला. खोलीत ती आणि तोताराम, दोघंच राहिली. तोतारामने ठरवून ठेवलेलं बोलायचं होतं. माझ्या हातून चूक झाली, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. ते त्याने बोलून टाकलं. हात जोडून बोलला. बावीस वर्षांत त्याने एकाही रोग्यापुढे हात जोडले नव्हते.

सोनमतीने मान हलवली. रागावली नाही, आणि रागावली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"साहब, आप तो अच्छे थे," ती म्हणाली. "आपने बोला था, गोली खा रही हो तो साथ सोने से किसी को नहीं लगता. हमको वही याद था. गोहाल में कोई नहीं आता था. बस मुनिया आती थी."

"मुनिया कौन?"

"भाई की बेटी. सात बरस की. रोटी ले के आती थी, फिर वहीं सो जाती थी, हमारी गोद में. भौजी मारती थी, तो भी आती थी. हम भगाते नहीं थे. आपने बोला था न, नहीं लगता."

"सावन में उसको बुखार आया," सोनमती सांगत होती. तिचा आवाज खाली-वर होत नव्हता. "पेट फूला, रंग काला पड़ा. हम पहचान गए थे, हमको भी तो वैसा ही हुआ था. सुई नहीं मिली. इनके पहुँचने के नौ दिन पहले चली गई."

बाहेर बन्सीलाल कुणाला तरी रांगेत बसायला सांगत होता. भंगाळ्यांना हे नंतर कळलं तेव्हा ते म्हणणार होते की गावात साथ होतीच, तिथे ताप गेलेली माणसं घराघरात होती, कुणाच्या अंगातून कुणात गेलं हे देवही सांगू शकणार नाही. ते खरं होतं. पण त्या घटकेला भंगाळे खोलीत नव्हते.

"साहब," सोनमती म्हणाली, "मुनिया को हमसे लगा क्या?"

तोतारामने आयुष्यभर हजारो माणसांना एकच वाक्य सांगितलं होतं, तुमच्यापासून कुणाला होणार नाही. ते वाक्य त्याच्या ओठांवर आलं. तो म्हणाला, "छूने से नहीं लगता. साथ सोने से नहीं लगता. एक माछी होती है गोहाल में, बहुत छोटी. उसके काटने से लगता है."

सोनमतीने सुईच्या जागेवरचा कापूस दाबून धरला होता. बाई अडाणी होती, पण भोळी नव्हती.

"और उस माछी को," तिने विचारलं, "किससे लगा?"

कापूस टोपलीत टाकून ती उठली, आणि उद्या किती वाजता यायचं एवढं विचारून बाहेर नवऱ्याची वाट बघत बसली.